नाशिकहून गेमिंगसाठी व्हीपीएन: पिंग कधी कमी होतो आणि कधी उलट वाढतो

संध्याकाळी साडेआठ वाजले की आमच्या गेमिंगच्या ग्रुपवर तेच रडगाणं सुरू होतं, पिंग किती येतोय रे, आणि मग एकजण सांगतो व्हीपीएन टाक, माझा निम्मा झाला, तर दुसरा लगेच म्हणतो टाकला होता, डबल झाला. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. फरक ॲपचा नसतो, फरक हा असतो की कोण कुठल्या सर्व्हरवर खेळतोय आणि त्याच्या इंटरनेटवाल्याची लाईन तिथपर्यंत कुठून फिरून जातेय.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. व्हीपीएन तुमचं नेट फास्ट करत नाही, तो तुमचा ट्रॅफिक आधी स्वतःच्या सर्व्हरवर नेतो आणि तिथून गेमकडे पाठवतो, म्हणजे फक्त रस्ता बदलतो. नाशिकहून मुंबईला जाणारी गाडी कसारा घाटातून सरळ जात असेल तर तिला दुसरा कुठलाही रस्ता दाखवला तरी ती उशिराच पोचणार, पण ड्रायव्हर आधीच पुण्यावरून नेत असेल तर मात्र रस्ता बदलून फायदा आहे. म्हणजे आधी आपली गाडी कुठून जातेय ते बघायचं, पैसे नंतर भरायचे. बहुतेक लोक उलटं करतात.

मी इथे विंडोज पीसी आणि व्हॅलोरंट धरून सांगतोय कारण आपल्याकडे ते जास्त खेळतात, पण पद्धत बाकी गेमलाही तीच. मोबाईलवर डेटा पॅक टाकून खेळणाऱ्यांनी फार आशा ठेवू नका, तिथे बराचसा लॅग तुमचा फोन आणि टॉवर यांच्यामधला असतो आणि तो भाग व्हीपीएन बदलूच शकत नाही.

काय काय लागेल

- राऊटरपासून पीसीपर्यंत लॅनची वायर, निदान टेस्ट करण्यापुरती
- विंडोजमधलं कमांड प्रॉम्प्ट आणि रिसोर्स मॉनिटर, दोन्ही आधीपासूनच असतं
- जमलं तर `WinMTR` नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर, रस्त्यातल्या कुठल्या राऊटरपासून पॅकेट हरवतायत ते दाखवतं
- ट्रायल देणारा किंवा पैसे परत करणारा व्हीपीएन, एकदम वर्षाचा प्लॅन घेऊ नका
- एक कागद, आकडे लिहायला, कारण दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही

1. आधी घर तपासा

गेमच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ, मग स्टॅट्स इथे जाऊन नेटवर्क राउंड ट्रिप टाईम म्हणजेच पिंग, आणि पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवणारे डेटाचे तुकडे, दोन्ही चालू करा म्हणजे खेळताना स्क्रीनवर दिसत राहतील. आता कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि स्वतःच्या राऊटरलाच पिंग करा, पत्ता बहुतेक हाच असतो, नसेल तर `ipconfig` टाइप करून `Default Gateway` समोरचा घ्या:

```
ping -n 100 192.168.1.1
```

वायर लावलेली असेल तर एक-दोन मिलिसेकंद यायला पाहिजे आणि एकही पॅकेट हरवायला नको. वायफायवर हाच आकडा मधूनच 40, 80 असा उडत असेल तर तुमचा आजार घरातच आहे, सिडकोतल्या किंवा इंदिरानगरच्या कुठल्याही बिल्डिंगमध्ये वायफायची लिस्ट उघडून बघा, वीस-पंचवीस नावं दिसतात आणि ती सगळी त्याच हवेत भांडत असतात. वायर टाका, नाहीच जमलं तर राऊटरचा 5 गिगाहर्ट्झवाला बँड वापरा. यावर व्हीपीएन लावणं म्हणजे पैसे गोदावरीत टाकणं.

दुसरा घरगुती चोर म्हणजे अपलोड. घरातल्या कुणाचा तरी फोन चार्जिंगला लागला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अपलोडची लाईन भरून जाते आणि तुमची गेमची छोटी पॅकेट त्या रांगेत मागे उभी राहतात. राऊटरचा पिंग छान येतो पण त्याच्या पुढचा सगळाच पिंग एकदम 150 च्या वर जातो, आणि बॅकअप थांबवला की लगेच खाली येतो, ही त्याची ओळख. व्हीपीएनची पॅकेटसुद्धा त्याच रांगेत उभी राहणार त्यामुळे त्याचा इथेही उपयोग शून्य.

2. गेमचा सर्व्हर नक्की कुठे आहे ते काढा

मॅच चालू असताना (डेथमॅच लावा, रँक्डमध्ये हे उद्योग करू नका) `Win + R` दाबून `resmon` टाइप करा. `Network` टॅबमध्ये वरच्या यादीत `VALORANT-Win64-Shipping.exe` वर टिक करा, म्हणजे खालच्या यादीत फक्त त्या गेमचे पत्ते दिसतील. चॅट, लॉगिन वगैरेचे पत्तेही त्यात असतात पण ज्याच्यावर सतत सगळ्यात जास्त डेटा येतोय-जातोय तो मॅचचा सर्व्हर. पत्ता कागदावर लिहून घ्या.

आता रस्ता बघायचा, खालच्या ओळीत तुमचा पत्ता टाका:

```
tracert <सर्व्हरचा आयपी>
```

एकेक ओळ म्हणजे मधला एकेक राऊटर. बऱ्याच राऊटरच्या नावात शहराची खूण असते, `bom` किंवा `mum` म्हणजे मुंबई, `sin` किंवा `sgp` म्हणजे सिंगापूर, `hkg` हाँगकाँग, `mrs` म्हणजे फ्रान्समधलं मार्से, युरोपकडे जाणाऱ्या समुद्री केबल तिथे वर येतात. सगळ्याच राऊटरना नावं नसतात पण दोन-तीन जरी दिसली तरी अंदाज येतो.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, शेवटी `Request timed out` आलं म्हणजे सर्व्हर बंद असं नाही, गेमचे सर्व्हर असल्या चौकशीला मुद्दाम उत्तर देत नाहीत, शेवटची जी ओळ उत्तर देतेय ती धरा. दोन, मधल्याच एका ओळीवर 90 दिसतंय आणि त्याच्या पुढच्या ओळींवर परत 15, तर त्या 90 चा काही अर्थ नाही, तो राऊटर तुमचा ट्रॅफिक पुढे ढकलण्यात बिझी आहे आणि तुमच्या चौकशीला सावकाश उत्तर देतोय एवढंच. आकडा एका ओळीवर वाढला आणि तिथून शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला तरच तिथे खरा प्रॉब्लेम. केबलवाल्याला अशी मधलीच ओळ दाखवून भांडायला गेलात तर तो हसतो, आणि त्याचं बरोबर असतं.

3. रस्ता सरळ आहे का वाकडा, हिशोब करा

काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन धरलं तर दर 100 किलोमीटरला 1 मिलिसेकंद, याच्या खाली कुणाचा बापही जाऊ शकत नाही. नाशिक-मुंबई रस्त्याने 170 च्या आसपास किलोमीटर, म्हणजे तळ दोनेक मिलिसेकंद, मधले राऊटर वगैरे धरून घरच्या फायबरवर 8 ते 15 आला तर समजा उत्तम. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत 3900 किलोमीटर म्हणजे तळच 39, केबल काय सरळ रेषेत नसते, त्यामुळे नाशिकहून 60 ते 70 म्हणजे चांगला रस्ता.

आता याच्याशी तुमचा आकडा लावा. मुंबई सर्व्हरवर 12 येत असेल आणि पॅकेट लॉस शून्य असेल तर इथेच थांबा, जगातला कुठलाच व्हीपीएन तो कमी करू शकत नाही, वाढवेल मात्र नक्की. कारण व्हीपीएन लावल्यावर पिंग होतो तुमच्यापासून व्हीपीएन सर्व्हरपर्यंत अधिक तिथून गेमपर्यंत, वर पॅकेट गुंडाळायचा-उघडायचा थोडा वेळ. ही बेरीज तुमच्या आत्ताच्या पिंगपेक्षा कमी आली तरच फायदा.

4. खरी केस: सिंगापूर सर्व्हर

व्हॅलोरंटच्या आपल्या रीजनमध्ये मुंबईसोबत सिंगापूरचाही सर्व्हर निवडता येतो. माझा मावसभाऊ तिकडे नोकरीला आहे त्यामुळे शनिवारी-रविवारी आम्ही सिंगापूरवर खेळतो. मुंबईवर मला 12 येतो, सिंगापूरवर हिशोबाने 65 च्या आसपास यायला पाहिजे होता, यायचा 116, दुपारी पण आणि रात्री पण. ट्रेस काढला तर `bom` नंतर थेट `hkg` आणि मग `sin`. म्हणजे पॅकेट सिंगापूर ओलांडून हाँगकाँगला जायचं आणि तिथून मागे यायचं. असं का होतं, तर इंटरनेटवाले एकमेकांकडून लाईन विकत घेतात, कुणाचा ट्रॅफिक कुठे कुणाच्या हातात द्यायचा हे त्यांच्या करारावर आणि पैशावर ठरतं, नकाशावर नाही. आपल्यासारख्या चिल्लर गिऱ्हाईकाला कोण विचारतो.

आता मजा बघा. तोच इंटरनेटवाला सिंगापूरमधल्या दुसऱ्या डेटासेंटरला मात्र सरळ लाईनने पाठवू शकतो कारण तिथला करार वेगळा. व्हीपीएन नेमका याचाच फायदा घेतो. मी व्हीपीएन चालू न करताच आधी त्यांच्या सिंगापूर सर्व्हरला पिंग केला (सर्व्हरचं नाव ॲपमध्ये किंवा वायरगार्ड प्रोटोकॉल वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिग फाईलमध्ये `Endpoint` समोर असतं, `:` आणि त्यानंतरचा पोर्ट नंबर सोडून द्या):

```
ping -n 50 <व्हीपीएन सर्व्हर>
```

आला 64. तिथून गेमचा सर्व्हर त्याच शहरात म्हणजे एक-दोन मिलिसेकंद. बेरीज 66, चालू केल्यावर गेममध्ये दिसला 68. 116 चा 68, इथे व्हीपीएनचे पैसे वसूल.

पण त्याच वेळी दुसऱ्या एका कंपनीच्या सिंगापूर सर्व्हरला पिंग केला तर 113, कारण त्या डेटासेंटरकडे जाणारी माझी लाईन पण हाँगकाँग फिरूनच जात होती. दोन्ही सर्व्हर सिंगापूरमध्येच, पण एक कामाचा आणि एक बिनकामाचा. म्हणून मित्राला अमुक ॲप चाललं म्हणून तुम्हालाही चालेल असं नाही, त्याचा इंटरनेटवाला वेगळा असेल तर सगळं गणित वेगळं. पंचवटीतल्या माणसाचा रिव्ह्यू नाशिकरोडच्या माणसाला लागू होईलच असं नाही, तर अमेरिकेतल्या यूट्यूबरचं काय घेऊन बसलात.

नियम एवढाच की व्हीपीएनचा सर्व्हर गेमच्या सर्व्हरच्या शहरातच घ्यायचा किंवा सरळ रस्त्यावर मध्ये घ्यायचा. झेंडा बघून जवळचा देश निवडू नका.

5. सगळ्यात मोठा सापळा: यादीतला "इंडिया"

हे नीट वाचा कारण नवीन माणूस इथेच जातो. मुंबई सर्व्हरवर रात्री पिंग उड्या मारतोय म्हणून तो व्हीपीएन घेतो, यादीत भारताचा झेंडा दिसतो, तो निवडतो, आणि पिंग 130. मग म्हणतो व्हीपीएन फालतू असतात.

झालंय असं की 28 एप्रिल 2022 ला सर्ट-इन या सरकारी संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाईकांची नावं, पत्ते, आयपी वगैरे माहिती 5 वर्षं जपून ठेवायची. हा नियम कंपन्यांसाठी होता, वापरणाऱ्यांवर बंदी नव्हती. पण आम्ही काहीच नोंद ठेवत नाही ही तर त्यांची जाहिरात, त्यामुळे बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातल्या मशीनच काढून घेतल्या आणि त्याजागी व्हर्च्युअल सर्व्हर दिले, म्हणजे आयपी पत्ता भारताचा पण मशीन बसलेली सिंगापूरला किंवा थेट युरोपात. वेबसाईट बघायला याने काही फरक पडत नाही, पण गेममध्ये तुमचं पॅकेट नाशिकहून सिंगापूरला जातं, तिथून परत मुंबईला येतं, आणि उत्तरही तसंच फिरून. 66 अधिक 60, झाले 126 च्या वर.

ओळखायचं कसं? आयपी शोधून लोकेशन दाखवणाऱ्या साईटवर भरवसा ठेवू नका, त्या भारतच दाखवतील, कागदावर तो पत्ता भारताचाच आहे. पिंग करा. नाशिकहून 8-20 आला तर मशीन खरंच मुंबईच्या आसपास आहे. 60 च्या पुढे आला तर ती बहुतेक सिंगापूरला आहे, 110-130 आला तर युरोपात किंवा सिंगापूरलाच पण वाकड्या रस्त्याने. वर सांगितलेला 100 किलोमीटरला 1 मिलिसेकंदवाला हिशोब इथे कामाला येतो, नाव खोटं असू शकतं, प्रकाशाचा वेग नाही. काही कंपन्या यादीत `virtual` असं बारीक अक्षरात लिहितात, ते पण बघा.

6. लावताना एवढं करा

प्रोटोकॉल वायरगार्ड किंवा कंपनीचा वायरगार्डवर बनवलेला जो असेल तो घ्या. ओपनव्हीपीएन घ्यायचाच असेल तर यूडीपीवर, टीसीपीवर अजिबात नको. टीसीपीमध्ये एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी अडवून ठेवतात, आणि शूटर गेममध्ये उशिरा आलेलं पॅकेट हे न आलेल्यासारखंच, त्यामुळे सगळे अर्धा सेकंद गोठतात आणि मग एकदम टेलिपोर्ट होतात. हे दिसलं की आधी प्रोटोकॉल तपासा.

स्प्लिट टनेलिंग चालू करून फक्त गेम व्हीपीएनमधून न्या, बाकी ब्राऊझर, डाऊनलोड, डिस्कॉर्ड नेहमीच्या लाईनने जाऊ द्या.

लॉगिन होतंय, लॉबी दिसतेय, पण मॅच लोड होताना अडकतंय किंवा दर वेळी तिथेच बाहेर फेकतंय, असं झालं तर बहुतेक पॅकेटच्या साईजचा लोचा असतो, व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला वेष्टन घालतो आणि ते लाईनला मोठं होतं. वायरगार्डच्या कॉन्फिगमध्ये `[Interface]` खाली ही ओळ टाकून बघा:

```
MTU = 1280
```

मॅचच्या मध्ये व्हीपीएन चालू-बंद करू नका, तुमचा पत्ता बदलतो आणि गेम तुम्हाला बाहेर काढतो. आणि सिंगापूरचा व्हीपीएन चालू ठेवूनच मुंबईवर रँक्ड लावणारे महाभाग आमच्या ग्रुपवर कमी नाहीत, 125 पिंगवर एजंटला शिव्या घालत बसतात.

फुकटवाले व्हीपीएन या कामाला घेऊ नका, एकेका सर्व्हरवर तुफान गर्दी असते. आणि स्टीमवर स्वस्त किंमत दिसावी म्हणून दुसऱ्या देशाचा व्हीपीएन लावून खरेदी करू नका, त्यांच्या करारात याला सरळ मनाई आहे, अकाउंट अडकेल. काउंटर स्ट्राईक 2 वाल्यांना वेगळं सांगतो, तिथे व्हॉल्व्ह स्वतःच्याच रिले नेटवर्कमधून ट्रॅफिक नेतं, म्हणजे रस्ता सुधारायचं काम बऱ्यापैकी आधीच झालेलं असतं, बाहेरच्या व्हीपीएनने तिथे फरक पडलेला मी क्वचितच बघितलाय.

7. मोजायचं कधी आणि कसं

दुपारी 3 ला बिनव्हीपीएन आणि रात्री 10 ला व्हीपीएन अशी तुलना करू नका, 9 ते 11 मध्ये अख्खं शहर नेटवर असतं. एकाच बैठकीत, एक मॅच व्हीपीएनने, एक तसाच, परत एक व्हीपीएनने, आणि नुसता सरासरी पिंग नाही तर पॅकेट लॉस आणि आकडा किती नाचतोय ते लिहा. 45 वर स्थिर असलेला पिंग 20 ते 90 नाचणाऱ्यापेक्षा खेळायला कधीही बरा.

इथे व्हीपीएनचा दुसरा खरा उपयोग दिसतो. समजा मुंबईवर दिवसा 12 आहे, पण रात्री 9 नंतर 3-4 टक्के पॅकेट लॉस येतो आणि `WinMTR` मध्ये तो तुमच्या इंटरनेटवाल्याच्या पुढच्या एखाद्या जोडणीपासून शेवटपर्यंत दिसतोय. म्हणजे ती जोडणी गर्दीने भरलीय. मुंबईत खरोखर मशीन असलेला व्हीपीएन दुसऱ्या जोडणीने जात असेल तर पिंग 12 चा 18 होईल पण लॉस शून्य होईल, आणि हा सौदा मी डोळे झाकून घेईन. लॉस जर पहिल्या-दुसऱ्या ओळीपासूनच असेल तर मात्र तो तुमच्या गल्लीतला आहे, खांबावरची फायबर वाकलीय किंवा जोड खराब झालाय, पावसाळ्यात आणि रस्ते खोदले की हे ठरलेलं. व्हीपीएन पण त्याच वायरीतून जाणार.

8. केबलवाल्याला काय पाठवायचं

"नेट स्लो आहे" म्हटलं की तो राऊटर बंद-चालू करायला सांगणार आणि स्पीड टेस्ट दाखवून निघून जाणार, स्पीड टेस्ट तर 100 चे 100 येतेच. त्याऐवजी लॅन वायर लावून काढलेले दोन ट्रेस पाठवा, एक दुपारचा आणि एक रात्रीचा, सर्व्हरचा आयपी आणि वेळ लिहून, आणि सरळ विचारा की या आयपीचा ट्रॅफिक हाँगकाँगवरून का जातोय, वरच्या नेटवर्क टीमला पाठवा. गल्लीतल्या पोराला यात काही करता येत नाही पण तिकीट वर जातं. माझ्याकडे काही आठवड्यांनी रस्ता बदलला, सिंगापूर बिनव्हीपीएनचा 67 यायला लागला, आणि 68 वाला व्हीपीएन त्या दिवसापासून बिनकामाचा झाला.

म्हणून प्लॅन महिन्याचाच घ्या आणि ऑटो-रिन्यू घेतल्या घेतल्या बंद करून टाका. समुद्रातली एखादी केबल तुटली की रस्ते परत बदलतात, तेव्हा पायरी 2 पासून परत मोजा आणि लागला तर महिनाभरासाठी परत घ्या.